खाल्लेलं जातं कुठे?

दोन्ही वेळचं जेवण व्यवस्थित आहे, वेळेवर भूक लागते, डाएट वगैरे काही सुरू नाही, आणि तरी वजन उतरतंय. अशी माणसं डॉक्टरांकडे बऱ्याचदा उशिरा पोचतात, कारण सुरुवातीला त्यांचं कौतुकच होत असतं. "बारीक झालीस, काय करतेस गं?" असं चार जणींनी विचारलं की काळजी वाटण्याऐवजी बरंच वाटतं. पुढे गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली की सूर बदलतो आणि "कसलं टेन्शन आहे का?" अशी विचारणा सुरू होते. या दोन प्रश्नांच्या मधले महिने फुकट जातात, आणि मला तेच सर्वांत जास्त खटकतं.

सहा महिने ते वर्षभरात, ठरवून काहीही न करता, मूळ वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली तर डॉक्टर तिची दखल घेतात. ६० किलोच्या माणसाचं ३ किलो वजन गेलं की तपासायला हवं. एखाद्या किलोचा फरक वेगळ्या काट्यामुळे, कपड्यांमुळे किंवा सकाळ-संध्याकाळमुळेही पडतो. म्हणून वजन एकाच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि साधारण सारख्याच कपड्यांत करावं. घरात काटा नसला तरी पट्ट्याला पाडलेलं नवं भोक, ब्लाउजची आत घेतलेली शिवण, बोटातून गळून पडणारी अंगठी यांवरून अंदाज येतोच.

अशा वेळी "भूक कशी आहे?" हा प्रश्न डॉक्टर उगाच विचारत नाहीत. भूक मेलेली असेल तर शक्यतांची यादी फार लांब होते: क्षय, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, नैराश्य, सतत घेतलेली काही औषधं. भूक शाबूत असेल, किंवा वाढलेली असेल आणि तरी वजन घटत असेल, तर यादी आखडते. अन्न पोटात जातंय, पण त्यातली ऊर्जा शरीरात टिकत नाही. मग ती लघवीवाटे जात असेल, पचन न होता शौचावाटे जात असेल, किंवा शरीर ती गरजेपेक्षा भराभर जाळत असेल. बहुतेक तपासणी या तीन वाटांचा माग काढण्यासाठीच असते.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका व्यक्तीचं नाही, दवाखान्यांत वारंवार दिसणाऱ्या चित्रावरून बेतलेलं आहे. तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, वय ४१. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वजन ६१ किलो, दिवाळीनंतर ५४. पाच महिन्यांत ७ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या ११ टक्क्यांहून जास्त. जेवण नेहमीसारखंच, उलट मधल्या सुट्टीच्या आधीच भूक लागायची म्हणून पिशवीत राजगिऱ्याचे लाडू ठेवायला लागल्या होत्या. दिवसातून तीनदा शौचाला जावं लागायचं. पातळ नव्हे, पण मऊ. केस गळत होते. पाळी दोनच दिवसांत आटपत होती. वर्गात मुलांवर पटकन आवाज चढायचा, आणि फळ्यावरचं अक्षर, ज्याची शाळेत वाखाणणी व्हायची, ते थरथरल्यासारखं उमटू लागलं होतं.

आता हिशोब पाहा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. गेलेले सातही किलो चरबीचेच होते असं धरलं, तर दीडशे दिवसांत दररोज सुमारे ३५० कॅलरींची तूट पडली. प्रत्यक्षात वजनाबरोबर स्नायू आणि पाणीही जातं, त्यामुळे तूट याहून कमीच असणार. पण ३५० धरल्या तरी ही जेमतेम तीन-साडेतीन पोळ्यांची बाब आहे. म्हणजे माणूस ताटात नेहमीइतकंच वाढून घेतोय आणि त्यातल्या तीन पोळ्या रोज परस्पर नाहीशा होतायत. एवढ्याशा गळतीने पाच महिन्यांत माणूस ओळखू येईनासा होतो, आणि म्हणूनच ती रोजच्या रोज कुणाच्या लक्षात येत नाही.

बाईंना आधी काय दिलं गेलं? शौचाची तक्रार होती म्हणून जंताची गोळी. मग भूक वाढवणारं सिरप, भूक उत्तम असतानाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून अश्वगंधा, वजन भरावं म्हणून. केस गळतात म्हणून बायोटिनच्या कॅप्सूल. शेवटी एकाने दुर्बिणीतून पोटाची तपासणी सुचवली. जंतांबद्दल आपल्याकडे फार मोठी समजूत आहे. अंकुशकृमीने रक्त कमी होतं, जिआर्डिया नावाच्या सूक्ष्म जीवाने आतड्याचं शोषण बिघडून वजन उतरूही शकतं, पण व्यवस्थित खाणाऱ्या मोठ्या माणसाचं सात किलो वजन साध्या जंतांनी जाणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अश्वगंधेचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ती घेतल्यावर थायरॉइडचं हार्मोन वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्या आजाराचा संशय घ्यायला हवा होता, त्यातच भर पडण्याची शक्यता.

तपासणीला बसलेल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न लघवीचा. रात्री किती वेळा उठता, तहान वाढली आहे का. हा मधुमेहाचा माग. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही आणि ती लघवीत उतरते. साखर फार वाढलेली असेल तर दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोजही असं वाहून जाऊ शकतं. म्हणजे ४०० कॅलरी, बाईंच्या रोजच्या तुटीपेक्षा जास्त. साखरेबरोबर पाणीही ओढलं जातं म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. इन्शुलिन अपुरं पडल्याने पेशींना साखर वापरता येत नाही, आणि शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून खाऊ लागतं. भूक लागतच राहते. लघवीला मुंग्या लागतात ही खेड्यापाड्यांतली जुनी खूण काही खोटी नाही, पण तिच्यावर थांबू नये. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरला जातो.

इथे दोन प्रसंगी घाई करायला हवी. लहान मूल खूप पाणी पितंय, झोपेत अंथरूण ओलं करायला लागलंय आणि वाळतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासावी. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर सरळ रुग्णालयात न्यावं, कारण इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचायला लागलेलं असतं. दुसरा प्रसंग पन्नाशी उलटलेल्या माणसाचा. घरात कुणाला मधुमेह नाही, अंगाने स्थूल नाही, अचानक साखर निघाली आणि वजनही झपाट्याने उतरतंय, तर गोळ्या सुरू करून मोकळं होऊ नये. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी अशी होते, आणि पोटाचा स्कॅन करायचा की नाही हे डॉक्टरांनी त्याच वेळी ठरवायला हवं. आधीपासून मधुमेह असलेल्यांनी आपल्या गोळ्यांची नावंही सांगावीत. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यामुळे थोडं वजन उतरतंच.

बाईंची उपाशीपोटीची साखर ९६ होती आणि एचबीएवनसी ५.६. ही वाट बंद झाली.

दुसरा प्रश्न शौचाचा, आणि तो नीट विचारावा लागतो, कारण लोक लाजतात. "किती वेळा?" एवढ्यावर भागत नाही. अन्नातली चरबी पचत नसेल तर शौच प्रमाणाने जास्त, फिकट, चिकट आणि उग्र वासाचं होतं. दोनदा पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहतं, आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. नुसतं तरंगणं हा पुरावा नाही, वायू जास्त झाला तरी ते तरंगतं. तवंग दिसला तर मात्र संशय पहिल्यांदा स्वादुपिंडावर जातो. चरबी पचवणारा रस तिथून येतो, आणि ती ग्रंथी इतकी समर्थ असते की तिची नव्वद टक्के क्षमता संपेपर्यंत बहुधा शौचात तेल दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने किंवा इतर कारणांनी स्वादुपिंड कायमचं सुजलेलं असेल तर हे घडतं. जेवल्यावर वरच्या पोटात उठून पाठीपर्यंत जाणारी कळ ही त्याची दुसरी खूण. शौचाच्या नमुन्यातलं इलास्टेज नावाचं द्रव्य मोजून रस कमी पडतोय का ते कळतं, आणि पाचकरसाच्या कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. जेवून तासाभराने घेतल्या तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं.

रस ठीक असून लहान आतड्याचं अस्तरच झिजलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यातलं महाराष्ट्रात अजूनही कमी ओळखलं जाणारं कारण म्हणजे सिलिॲक आजार. यात गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती उठते आणि आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव सपाट होत जाते. शोषणाचं क्षेत्रफळच घटल्यावर खाल्लेलं अंगाला कसं लागणार? विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीची मुलं उपाशी असताना या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं.

उत्तर भारतात गहू मुख्य अन्न आहे आणि तिथे हा आजार जास्त आढळतो, पण आपल्याकडे तो नाही असं समजणं चूक. मोठ्या माणसात जुलाब नसतातही. नुसतं वजन उतरतं, पोट फुगतं, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त वाढत नाही. ही शेवटची खूण मला सर्वांत बोलकी वाटते. रक्तातली टीटीजी नावाची प्रतिपिंडं तपासतात, आणि मोठ्यांमध्ये दुर्बिणीतून आतड्याचे छोटे तुकडे काढून खात्री करतात. तपासणीआधी गहू बंद करायचा नाही, हे मात्र कटाक्षाने पाळावं. "महिनाभर पोळी सोडली आणि बरं वाटलं, आता तपासून घेऊ" असं म्हणणाऱ्याची चाचणी निर्दोष येऊ शकते, कारण तोवर आतडं आणि प्रतिपिंडं दोन्ही सावरायला लागलेली असतात.

निदान झालं तर औषध नाही, आयुष्यभराचं पथ्य आहे. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी हे सगळं चालतं, त्यामुळे भाकरी खाणाऱ्या घरात हे पथ्य पुष्कळ सोपं आहे. पण पथ्य फसतं ते गिरणीत. आधीच्या माणसाने गहू दळून नेला आणि त्याच जात्यात आपली ज्वारी पडली, तर त्या पिठात गहू असतोच. बाजारातल्या डबीतला हिंग बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ घालून केलेला असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही ग्लूटेन पोटात जातं. ज्वारी घरी दळणं किंवा फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधणं आणि हिंगाच्या डबीवरचे घटक वाचणं, एवढं केल्यावर "पथ्य करूनही वजन वाढत नाही" ही तक्रार अनेकदा मिटते.

आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार हेही याच टप्प्यावर आठवावे लागतात. त्यांत भूक बऱ्याचदा मंदावते, पण नेहमीच नाही. उजव्या ओटीपोटात दुखून गोळा फिरल्यासारखा वाटणं, संध्याकाळचा बारीक ताप, शौचातून रक्त, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

बाईंना यातलं काहीच नव्हतं. शौच तीनदा होतं, पण साधं, बांधीव, तवंग नाही. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड बारीक थरथरू लागली. नाडी १०८, स्वस्थ बसलेली असताना. तळवे गरम आणि ओलसर. पाण्याचा घोट गिळायला लावला तेव्हा गळ्यात समोर किंचित फुगवटा वरखाली सरकला. उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं, तर मांड्यांत जोर येईना. ही तिसरी वाट होती: शरीर जाळत होतं.

थायरॉइडचं हार्मोन प्रत्येक पेशीचा वेग ठरवतं. ते जास्त झालं की बसल्या जागीही इंधन जास्त जळतं, हृदय धावतं, उकडतं, घाम येतो, झोप उडते. आतड्याचाही वेग वाढतो, म्हणून शौच वाढतं, आणि इथेच फसगत होते. हार्मोनच्या आजाराला पोटाचा आजार समजून माणूस आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. "थायरॉइड म्हणजे वजन वाढणं" ही समजूत इतकी पक्की आहे की वजन उतरणाऱ्याच्या मनात थायरॉइड येतच नाही.

तपासणी साधी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी टीएसएच पाठवून थायरॉइडला काम सांगते. थायरॉइड स्वतःहूनच जास्त काम करू लागलं की ती हा निरोप थांबवते. म्हणून या आजारात टीएसएच जवळजवळ शून्यावर जातं आणि फ्री टी३, फ्री टी४ चढतात. रक्त देण्याआधी डॉक्टरांनी बाईंच्या बायोटिनच्या कॅप्सूल तीन दिवस बंद ठेवल्या. त्यांतलं बायोटिन काही प्रयोगशाळांच्या चाचणी-पद्धतीत ढवळाढवळ करतं आणि निरोगी माणसाचाही अहवाल हायपरथायरॉइडसारखा दिसू शकतो. कॅप्सूल थांबवूनही टीएसएच ०.०१च्या खालीच आलं. अश्वगंधाही बंद झाली, पण तक्रारी ती सुरू करण्याच्या कितीतरी आधीच्या होत्या.

अहवाल आला म्हणून लगेच गोळ्या सुरू होत नाहीत, व्हायलाही नकोत. ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवतेय, की सूज येऊन आतला साठाच नुसता सांडतोय, हे आधी ठरवावं लागतं. बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन साठा सांडतो, आणि काही आठवड्यांत तो आपोआप संपतो. त्यावर हार्मोन बनणं थांबवणारी गोळी दिली तर उपयोग शून्य. बाईंच्या रक्तात थायरॉइडला चेतवणारी प्रतिपिंडं सापडली, म्हणजे हा ग्रेव्ह्जचा आजार होता. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. प्रतिपिंडं नसती तर स्कॅन करून ग्रंथी किती द्रव्य शोषते ते पाहिलं असतं.

उपचार कार्बिमेझोलच्या गोळ्यांचा, आणि धडधड व थरथर आवरायला सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल. दमा असेल तर हे दुसरं औषध चालत नाही, ते आधी सांगावं. कार्बिमेझोलमुळे क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक घटतात. म्हणून ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला तर "साधी सर्दी" म्हणून न थांबता गोळी बंद करून त्याच दिवशी रक्ताची मोजणी करून घ्यायची, हे बाईंना चिठ्ठीवर लिहून दिलं. दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करताना आधी टी४ आणि टी३ पाहतात, कारण ते सुधारल्यावरही टीएसएच काही महिने दबलेलंच राहतं. नुसतं टीएसएच पाहून डोस वाढवला तर माणूस उलट्या टोकाला जातो. गोळ्या साधारण बारा ते अठरा महिने चालतात. बंद केल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांत आजार परत येतो, आणि मग किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. बाईंचं वजन तीन महिन्यांत ५९ झालं, आणि पिशवीतले लाडू थांबवायला सांगावं लागलं. जळणं थांबलं तरी खाण्याची सवय राहते, आणि वजन पूर्वीच्याही पुढे जाऊ शकतं.

वय झालेल्यांत मात्र हा आजार असा ठसठशीत दिसत नाही. सत्तरीच्या आजोबांना थरथर नाही, चिडचिड नाही, ते उलट गप्प झालेत, भूकही कमी आणि नाडी अनियमित. घरचे वयावर ढकलतात. अनियमित नाडी सापडलेल्या वृद्धाचं वजन उतरत असेल तर टीएसएच करायलाच हवं.

हार्मोनची आणखी कारणं आहेत, पण विरळ. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ झाली तर डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येतात, रक्तदाब उसळतो आणि वजन घटतं. झटक्यांचं वर्णन असेल तरच हा शोध घेतात.

तिन्ही वाटा तपासूनही काही सापडलं नाही तर? नकळत वजन उतरलेल्यांपैकी साधारण पाव जणांत पहिल्या फेरीत कारण मिळत नाही. अशा वेळी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढायला सांगतात, कारण "नेहमीइतकंच खातो" हे पुष्कळदा मनातलं असतं. दुखणाऱ्या दाढेमुळे किंवा एकट्याने जेवायचा कंटाळा येऊन ताट लहान झालेलं असतं आणि ते जाणवलेलं नसतं. छातीचा एक्स-रे, रक्ताची मोजणी, ईएसआर, यकृत-मूत्रपिंडांच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी होते, कारण क्षय आणि काही कर्करोगांत सुरुवातीला भूक टिकून राहू शकते. हे सगळं निर्दोष आलं तर सरसकट डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन करत सुटण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन लिहून ठेवावं आणि तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून घ्यावं. मध्येच नवं लक्षण दिसलं, किंवा वजन आणखी उतरलं, तर तेवढी वाट पाहायची नाही.